व्याजबल आणि व्याजदरांची समतुल्यता

चक्रवाढीने वाढणारी रक्कम एखाद्या क्षणी ज्या वेगाने वाढते, त्या वेगाला त्याच क्षणीच्या रकमेने भागले की व्याजबल मिळते. विमागणितात ते फोर्स ऑफ इंटरेस्ट म्हणून शिकवतात आणि δ (डेल्टा) या अक्षराने लिहितात. वर्षाची एकूण वाढ तीच ठेवून व्याज वर्षातून एकदा, चार वेळा, रोज असे अधिकाधिक वेळा मुद्दलात मिळवत गेलो, तर नाममात्र दर ज्या मर्यादेकडे सरकतो, तीच ही राशी. १६८३ मध्ये याकोब बर्नुली यांनी सतत चक्रवाढीचा हाच प्रश्न हाताळला आणि त्यातून e या संख्येपर्यंतची वाट निघाली.

एकाच वाढीला वेगवेगळ्या दरांनी मोजता येते. वर्षाअखेर मुद्दलावर प्रत्यक्ष पडलेले व्याज म्हणजे प्रभावी दर i. तेच व्याज मुद्दलाऐवजी वर्षाअखेरच्या रकमेशी ताडून पाहिले की वटाव दर d मिळतो. वर्षातून m वेळा व्याज जमा होत असेल, तर एका हप्त्याच्या दराला m ने गुणून जाहीर केला जातो तो नाममात्र दर i⁽ᵐ⁾. एका वर्षात एक रुपयाचे किती झाले, याचे उत्तर सर्वांतून एकच आले पाहिजे. समतुल्यतेचा अर्थ एवढाच.

```
1 + i = (1 + i^(m)/m)^m = 1/(1 − d) = e^δ
```

बँकेची मुदतठेव घेऊ: दर ७ टक्के, व्याज तिमाही चक्रवाढीने. इथे ७ टक्के हा नाममात्र दर असून तिमाहीचा खरा दर १.७५ टक्के आहे. १.०१७५ चा चौथा घात १.०७१८५९, म्हणून प्रभावी दर ७.१८५९ टक्के, एक लाखाचे वर्षाअखेर १,०७,१८६ रुपये. या घाताचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला की व्याजबल ६.९३९५ टक्के येते, आणि ०.०७१८५९ ला १.०७१८५९ ने भागले की वटाव दर ६.७०४१ टक्के. धन व्याजदर असताना वटाव दर सर्वांत लहान, प्रभावी दर सर्वांत मोठा आणि व्याजबल मधे, हा क्रम कधीच बदलत नाही. उत्तर या क्रमात बसत नसेल, तर बहुधा i आणि d यांची अदलाबदल झालेली असते.

हीच ठेव मासिक व्याजाची केली तर ठेवीदार १ लाखावर महिना ५८३.३३ रुपयांची अपेक्षा धरतो, पण हातात सुमारे ५८० पडतात. बँकेने काही कापलेले नसते. तिमाहीअखेर देय असलेले १,७५० रुपये तीन हप्त्यांत विभागताना पहिले दोन हप्ते मुदतीआधी मिळतात, म्हणून ते वटवून द्यावे लागतात. समतुल्य मासिक दर १.०१७५ च्या घनमुळातून काढतात: ०.५८ टक्के, म्हणजे नाममात्र ६.९६ टक्के. उलट दिशेची चूक जास्त महाग पडते. प्रभावी ७.१८५९ ला सरळ १२ ने भागून दरमहा चक्रवाढ लावली, तर वर्षाचा परतावा ७.४३ टक्के दिसतो आणि लाखामागे सुमारे २४१ रुपयांचे नसलेले व्याज कागदावर उमटते. भागाकार फक्त नाममात्र दराचा करायचा. प्रभावी दराचे मूळ काढायचे.

वटावाचा हिशेब ट्रेझरी बिलात स्पष्ट दिसतो. १०० रुपये दर्शनी किमतीचे ९१ दिवसांचे बिल ९८.३० ला घेतले, तर फरक १.७० रुपयांचा. हा फरक १०० वर मोजला आणि ३६५/९१ ने गुणला, तर वार्षिक वटाव ६.८२ टक्के, गुंतवलेल्या ९८.३० वर मोजला, तर ६.९४ टक्के. दोन्ही साध्या हिशेबाचे दर आहेत. रिझर्व्ह बँकेच्या लिलावात परताव्याचा दर, म्हणजे यील्ड, यांतल्या दुसऱ्या रीतीने, गुंतवलेल्या रकमेवर मोजून सांगतात. ९१ दिवसांची वाढ वर्षभर त्याच वेगाने चालली असे धरले, तर प्रभावी दर ७.१२ टक्के आणि व्याजबल ६.८८ टक्के निघते. मुदतठेवीशी तुलना करायची तर ७.१२ ची ७.१९ शी करावी. ६.९४ ची ७ शी केलेली तुलना फसवते, कारण एक दर ९१ दिवसांचा व दुसरा तिमाही चक्रवाढीचा आहे. इथे दोन्ही दरांच्या मोजणीतला फरक किरकोळ असला तरी १८२ आणि ३६४ दिवसांच्या बिलांत तो वाढत जातो.

व्याजबलाची खरी सोय दर बदलत असताना कळते. प्रभावी दरांचे गुणाकार करावे लागतात, व्याजबलांची मात्र नुसती बेरीज होते. पहिले सहा महिने व्याजबल ६ टक्के आणि पुढचे सहा महिने ८ टक्के असेल, तर ०.०३ अधिक ०.०४ म्हणजे ०.०७, आणि वर्षाअखेरचा गुणक e^0.07, म्हणजे १.०७२५. बदल सलग होत असेल, तर बेरजेच्या जागी संकलन येते:

```
A(t) = A(0) · exp( ∫₀ᵗ δ(s) ds )
```

सरळव्याजाला हीच पट्टी लावली, तर δ(t) = i/(1 + it) मिळते. ७ टक्के सरळव्याजाचे व्याजबल आरंभी ७ टक्के असते, दहा वर्षांनी ०.०७/१.७ म्हणजे ४.१२ टक्क्यांवर येते. दर तोच राहतो, पण जमा झालेले व्याज स्वतः काही कमावत नाही, म्हणून एकूण रकमेच्या मानाने वाढ मंदावत जाते.