धुरातून बाहेर काढलेल्या बेशुद्ध व्यक्तीचा प्रथमोपचार आणि कुशीवरची स्थिती

आगीच्या जागेतून बेशुद्ध अवस्थेत बाहेर आणलेल्या, पण स्वतःहून श्वास घेत असलेल्या व्यक्तीला रुग्णवाहिका येईपर्यंत एका कुशीवर, मान किंचित मागे झुकवून आणि तोंड जमिनीकडे कलते ठेवून निजवतात. या स्थितीला रिकव्हरी पोझिशन म्हणतात. तिचा उपयोग एकाच गोष्टीसाठी आहे : श्वासाची वाट मोकळी ठेवणे. बेशुद्ध माणूस उताणा पडला की जिभेचे मूळ आणि घशातले सैल पडलेले भाग मागे सरकून वाट अडवतात, आणि उलटी झाली तर ती बाहेर पडण्याऐवजी फुप्फुसात उतरते. कुशीवर असताना जीभ पुढे राहते. लाळ, उलटी आणि धुरामुळे सुटणारा काळपट कफ गालावरून ओघळून जातो. धुराने शरीरात भिनलेल्या विषावर मात्र या स्थितीचा काहीच परिणाम होत नाही. म्हणूनच एकदा कुशीवर वळवले की काम संपले असे समजणे घातक ठरते.

आगीत दगावणाऱ्यांपैकी पुष्कळांना ज्वाळा शिवलेल्याही नसतात. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 जण आणि 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत 14 जण मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी मृत्यूचे मुख्य कारण गुदमरणे हे होते. बंद जागेतली आग हवेतला प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे छाती हलत असूनही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही. फोमच्या गाद्या, सोफे, नायलॉन, लोकर जळताना हायड्रोजन सायनाइडही निघतो. तो पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. याशिवाय गरम काजळी आणि वायरींच्या आवरणातून निघणारी आम्लयुक्त वाफ घसा आणि श्वासनलिका पोळवते, आणि तिथली सूज पुढचे कित्येक तास वाढत राहते.

मोकळ्या हवेत आणले की माणूस सुटला, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला साधारण 4 ते 5 तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर हेच काम तासा-दीड तासात होते. खरा उपचार प्राणवायू आहे आणि तो रुग्णवाहिकेत असतो. म्हणून फोन आधी, बाकीचे हातांनी चालू ठेवता येते. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी 108, अग्निशमन दलासाठी 101 आणि कोणत्याही आणीबाणीसाठी 112 हे क्रमांक आहेत. फोन करताना ‘आग लागली आहे’ एवढ्यावर न थांबता ‘धुरातून काढलेला माणूस बेशुद्ध आहे’ हे शब्द उच्चारावेत आणि फोन स्पीकरवर ठेवून पलीकडून मिळणाऱ्या सूचना ऐकाव्यात.

एक उदाहरण घेऊन क्रम पाहू. जुन्या चार मजली इमारतीत जिन्याखालच्या मीटरच्या पेट्या पेटल्या आहेत आणि जिना चिमणीसारखा धूर वर ओढतो आहे. तिसऱ्या मजल्यावरून जवानांनी पन्नाशीच्या एका बाईंना उचलून खाली आणले. त्यांना प्रवेशद्वाराशी ठेवू नये. तिथे धूर उतरत असतो आणि काचा-कौले पडत असतात. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, इमारतीपासून दूर, सपाट जमिनीवर त्यांना उताणे ठेवावे. कपडे धुमसत असतील तर आधी पाणी ओतून विझवावेत. खांदे हलवून दोन्ही कानांशी मोठ्याने हाक मारावी. डोळे उघडत नाहीत, हुंकार नाही, म्हणजे त्या बेशुद्ध आहेत.

आता श्वास. एक हात कपाळावर ठेवून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटी उचलावी. गाल त्यांच्या तोंडाजवळ नेऊन नजर छातीवर ठेवावी, आणि जास्तीत जास्त 10 सेकंद बघावे, ऐकावे, गालावर उच्छ्वास जाणवतो का ते पाहावे. गोंगाटात आवाज ऐकू येत नाही, तेव्हा छातीची हालचाल हाच भरवशाचा पुरावा. इथे सर्वांत मोठी चूक होते ती आचक्यांना श्वास समजण्याची. हृदय थांबल्यावरही काही मिनिटे माणूस अधूनमधून जबडा उघडून आचका देतो. दोन आचक्यांमध्ये कितीतरी सेकंद काहीच घडत नाही. अशा व्यक्तीला कुशीवर वळवू नये, तिला छातीचे दाब हवेत. श्वास संथ पण नियमित लयीत असेल तरच पुढची पायरी घ्यावी. शंका असेल तर श्वास नाही असेच धरावे.

बाईंचा श्वास नियमित आहे. चष्मा काढावा, खिशातल्या किल्ल्या किंवा फोन बाजूला करावा. त्यांच्या डाव्या बाजूला गुडघे टेकून बसावे आणि त्यांचे दोन्ही पाय सरळ करावेत. आपल्या जवळचा, म्हणजे त्यांचा डावा हात खांद्यापासून काटकोनात बाहेर काढून कोपरात वाकवावा, तळवा वर. पलीकडचा उजवा हात छातीवरून ओढून घेऊन त्याची मागची बाजू त्यांच्या डाव्या गालाला लावावी आणि ती आपल्या हाताने तशीच धरून ठेवावी. दुसऱ्या हाताने पलीकडचा गुडघा वर ओढावा, पाऊल जमिनीवर टेकलेलेच राहू द्यावे. मग तो उभा गुडघा आपल्याकडे खेचला की सगळे शरीर सहज वळते. अंगाने बारीक माणूसही जड व्यक्तीला असे वळवू शकतो, कारण गुडघ्याची तरफ मिळते. वरचा पाय कंबरेत आणि गुडघ्यात काटकोनात ठेवावा, म्हणजे शरीर पालथे पडत नाही. शेवटी मान पुन्हा मागे झुकवावी, गालाखालचा हात नीट करावा आणि तोंड उघडे व जमिनीकडे कलते आहे ना हे बघावे. घोरल्यासारखा आवाज येत असेल तर वाट अर्धवट अडली आहे. हनुवटी आणखी वर उचलली की बहुधा तो थांबतो.

यानंतर एका माणसाने दुसरे काहीही न करता फक्त श्वासावर लक्ष ठेवावे. कुशीवरच्या व्यक्तीची छाती नीट दिसत नाही, अंगावर चादर टाकली तर मुळीच दिसत नाही, आणि श्वास थांबल्याचे उशिरा कळते, हा या स्थितीचा खरा धोका आहे. तळवा बरगड्यांच्या खालच्या भागावर टेकवून ठेवला की पोटाची हालचाल हाताला कळत राहते. विष रक्तात असेपर्यंत श्वास केव्हाही मंदावू शकतो. लय बिघडली, आचके सुरू झाले किंवा हालचाल थांबली, तर लगेच उताणे करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. दर 30 दाबांनंतर 2 वेळा तोंडाने श्वास द्यावा. धुरात हृदय थांबते ते प्राणवायू संपल्यामुळे. म्हणून इथे नुसत्या दाबांपेक्षा श्वासासह दाब अधिक उपयोगी. ज्याला श्वास देणे येत नाही त्याने निदान दाब थांबवू नयेत. रुग्णवाहिका लांबली तर अर्ध्या तासाने दुसऱ्या कुशीवर वळवावे, नाहीतर खालचा हात दबून बधिर होतो.

त्वचेचा रंग पाहून धीर धरू नये. कार्बन मोनॉक्साइडने अंग लालबुंद होते असे सांगितले जाते, पण जिवंत रुग्णात ते क्वचितच दिसते. करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तर इथे सरळ फसवतो : कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते, आणि मरणाच्या दारातल्या माणसाचाही आकडा 98 दिसू शकतो. त्यापेक्षा चेहरा जवळून पाहावा. नाकपुड्यांत काजळी, जळून आखडलेले नाकातले केस किंवा भुवया, थुंकीत काळे कण, ओठांवर सूज, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज ही श्वासनलिका पोळल्याची चिन्हे आहेत. ती दिसल्यास 108 ला पुन्हा फोन करून तसे कळवावे, कारण अशा घशात पुढे नळी घालणे अवघड होत जाते.

भाजलेल्या भागावर नळाचे वाहते थंड पाणी 20 मिनिटे सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नये. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ सूज येण्याआधी काढावे, कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. पाणी फक्त भाजलेल्या भागावर, बाकी अंग झाकलेले, कारण बेशुद्ध माणूस लवकर गारठतो. पण पाण्याच्या सोयीसाठी कूस मोडावी लागत असेल तर पाणी थांबवावे, श्वास आधी.

जमलेल्या लोकांचा आग्रह बहुधा तोंडात पाण्याचे घोट घालण्याचा, कांदा हुंगवण्याचा आणि उठवून बसवण्याचा असतो. शुद्ध नसताना पाजलेले पाणी फुप्फुसात जाते. कांद्याने काही साधत नाही. बसवले की मान पुढे पडून श्वासाची वाटच मिटते.

काही जणांसाठी यात बदल करावा लागतो. धुराला घाबरून वरून उडी मारलेल्या व्यक्तीचा कणा दुखावलेला असू शकतो; तिला शक्यतो हलवू नये, दोन्ही हातांनी जबडा पुढे ढकलून वाट मोकळी ठेवावी, आणि उलटी होऊ लागली तरच डोके, मान, पाठ एका रेषेत धरून तिघा-चौघांनी मिळून वळवावे. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला डाव्या कुशीवर ठेवावे, कारण उताणे असताना गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो. तान्ह्या बाळाला कुशीवर ठेवताना पाठीला गुंडाळलेला टॉवेल लावावा आणि मान फार मागे झुकवू नये.

शुद्धीवर आलेल्या व्यक्तीला, विशेषतः जिचा आवाज घोगरा झाला आहे तिला, टेकून बसू द्यावे, चालवू नये. ‘आता बरं वाटतंय’ म्हणाली तरी तिला रुग्णालयात न्यावेच. डोकेदुखी, गोंधळलेपणा आणि मळमळ ही विष अजून शरीरात असल्याची खूण आहे, आणि घशाची सूज नंतर वाढते. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्यात : व्यक्ती अंदाजे किती वेळ धुरात होती, खोली बंद होती का, काय जळत होते, आणि बाहेर काढल्यापासून श्वास किंवा शुद्ध केव्हा बदलली. गाद्या किंवा सोफा जळत होता हे कळले तर सायनाइडवरच्या उताऱ्याचा विचार रुग्णालयात लवकर सुरू होतो.