समाधान की अनुभव : रुग्णालयात घडलेला एक इतिहास

'तुम्ही आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?' हा प्रश्न आज बँकेपासून गॅस एजन्सीपर्यंत सगळेच विचारतात. त्यामागची मांडणी तशी फार जुनी नाही. रिचर्ड ऑलिव्हर या अमेरिकी अभ्यासकाने १९८० साली तिला नीट शास्त्रीय रूप दिलं. ती तपासून पाहायला त्याने एखादा साबण किंवा मोटार निवडली नाही, सरकारी फ्लू-लसीकरणाची मोहीम निवडली. लस येण्याआधी लोकांना विचारलं, हिच्याकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत? नंतर पुन्हा विचारलं, प्रत्यक्षात काय झालं? दोन्ही उत्तरं शेजारी ठेवल्यावर त्याचं म्हणणं असं होतं की माणूस समाधान ठरवतो ते मिळालेल्या गोष्टीची अपेक्षेशी तुलना करून. अपेक्षेपेक्षा बरं निघालं तर खूश, वाईट निघालं तर नाराज.

पुढची वीसेक वर्षं सेवाक्षेत्राने हाच पाया धरला. १९८८ साली पारसुरामन, झाइथमल आणि बेरी या तिघांनी सेवेची गुणवत्ता मोजण्यासाठी सर्व्हक्वाल नावाची बावीस विधानांची प्रश्नावली आणली. तिच्यात प्रत्येक बाब दोनदा येते, एकदा अपेक्षा म्हणून आणि एकदा प्रत्यक्ष म्हणून, आणि दोन आकड्यांतली तफावत म्हणजे सेवेतली उणीव.

या हिशेबातली गोम रुग्णालयांत सर्वांत आधी टोचू लागली. ज्याची अपेक्षाच कमी, तो थोडक्यात समाधानी होतो. दोन तास बाकावर बसून राहिलेली, डॉक्टरांनी एका शब्दाने काही न सांगितलेली म्हातारी बाई 'चांगलं केलं हो सगळ्यांनी' म्हणते, कारण तिला याहून वाईटाची सवय असते. तिचं समाधान खोटं नाही, पण तिच्याशी काय वागणूक झाली हे त्या उत्तरातून कळायला मार्ग नसतो.

याच काळात व्यवसायाच्या बाजूने एक वेगळा विचार पुढे आला होता. यान कार्लझॉन १९८१ साली तोट्यात चाललेल्या एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीचे प्रमुख झाले. त्यांचा हिशेब साधा होता. वर्षाला कंपनीचे एक कोटी प्रवासी, प्रत्येक जण साधारण पाच कर्मचाऱ्यांना भेटतो, आणि प्रत्येक भेट सरासरी पंधरा सेकंदांची. म्हणजे वर्षात पाच कोटी वेळा, पंधरा पंधरा सेकंदांत, ही कंपनी प्रवाशाच्या मनात घडते किंवा बिघडते. या भेटींना त्यांनी 'सत्याचे क्षण' म्हटलं. त्यांनीच सांगितलेला एक किस्सा आहे. स्टॉकहोमच्या विमानतळावर एक अमेरिकी व्यावसायिक पोचला आणि तिकीट हॉटेलच्या खोलीतच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. काउंटरवरच्या बाईंनी त्याला बोर्डिंग कार्ड देऊन बसवलं, हॉटेलला फोन लावला आणि गाडी पाठवून तिकीट आणवलं. विमान सुटायच्या आत ते त्याच्या हातात होतं.

ऑलिव्हरच्या चौकटीत हा प्रसंग बसवला तर 'अपेक्षेपेक्षा जास्त' एवढंच लिहिता येतं. तो माणूस काय सांगत सुटला असेल, याचा त्या आकड्यात पत्ता नाही. घाबरणं, कुणीतरी ते ओळखणं आणि मग सुटका, हा सगळा चढउतार दहा-वीस मिनिटांत झाला आणि बाकीचा प्रवास त्याच्या सावलीत गेला. विमानातलं जेवण कसं होतं हे त्याला आठवलं असेल का, शंकाच आहे.

आठवण अशी निवड का करते, याचं सर्वांत नेमकं उत्तर पुन्हा रुग्णालयातूनच आलं. त्याआधी १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग केला होता. लोकांना एक हात १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात मिनिटभर बुडवायला सांगितला. मग दुसरा हात तितकाच वेळ तशाच पाण्यात, आणि त्यापुढे आणखी तीस सेकंद, ज्यात पाणी हळूहळू अंशभर कोमट केलं. पुन्हा करायचं झालं तर कोणता प्रकार निवडाल, असं विचारल्यावर दोनतृतीयांशाहून अधिक लोकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळाचा त्रास निवडला. खरं तर एकूण त्रास त्यातच जास्त होता.

मग डोनाल्ड रेडलमायर या टोरांटोच्या डॉक्टरांबरोबर कानमन यांनी कोलोनोस्कोपीचे, म्हणजे गुदद्वारातून नळी घालून मोठं आतडं तपासण्याचे, रुग्ण घेतले. तेव्हा ही तपासणी आजच्यासारखी गुंगी देऊन सर्रास होत नसे, ती दुखायची. रुग्णाने दर मिनिटाला शून्य ते दहा यांत आपलं दुखणं सांगायचं, आणि सगळं संपल्यावर एकूण त्रास किती झाला तेही सांगायचं. कानमन यांनी यातले दोन रुग्ण नेहमी उदाहरणादाखल दिले. पहिल्याची तपासणी आठ मिनिटांत संपली, दुसऱ्याची चोवीस मिनिटं चालली. दोघांचा सर्वांत वाईट क्षण सारखाच, आठ गुणांचा. मिनिटांची बेरीज केली तर दुसऱ्याने कितीतरी जास्त सोसलं होतं. पण पहिल्याची तपासणी संपली तेव्हा दुखणं सातवर होतं, दुसऱ्याचं उतरून एकवर आलं होतं. सर्वांत वाईट क्षण आणि शेवटचा क्षण यांची सरासरी काढा : पहिल्याची साडेसात, दुसऱ्याची साडेचार. रुग्णांनी मागाहून सांगितलेला एकूण त्रास या सरासरीच्या मागे गेला. तपासणी किती वेळ चालली याचा त्याच्याशी जवळपास संबंध नव्हता.

२००३ साली रेडलमायर, जोएल कॅट्झ आणि कानमन यांनी हे उलटं करून पाहिलं. ६८२ रुग्णांतल्या निम्म्यांच्या बाबतीत तपासणी झाल्यावर नळीचं टोक आणखी जास्तीत जास्त तीन मिनिटं तसंच आत राहू दिलं, म्हणजे शेवट सौम्य झाला. या गटाने एकूण त्रास सुमारे दहा टक्के कमी सांगितला, आणि पुढच्या काही वर्षांत पुन्हा तपासणीला येण्याचं प्रमाणही त्यांच्यात थोडं जास्त राहिलं. आकडा छोटा आहे, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण यावर बेतलेल्या सादरीकरणांत तो जादूसारखा मांडला जातो. शिवाय हे काही फार सरळ कृत्यही नव्हे. आठवण गोड करण्यासाठी रुग्णाच्या वाट्याला प्रत्यक्षात थोडा जास्तच त्रास दिला गेला.

व्यवस्थापनाच्या लोकांनी यातला सोयीचा भाग चटकन उचलला. रिचर्ड चेस आणि श्रीराम दासू यांनी २००१ मध्येच सेवा आखणाऱ्यांना सल्ला दिला होता : शेवट जोरदार करा, वाईट गोष्टी लवकर आणि एकत्र उरकून टाका, आनंदाचे क्षण मात्र विखरून ठेवा. सल्ला चुकीचा नाही. पण नुसता तेवढाच घेतला की निघताना हातात मिठाईचा पुडा देणारं आणि आत तासभर ताटकळत ठेवणारं हॉटेल तयार होतं. दुसरी मर्यादाही आहे. या प्रयोगांतून निघालेला नियम सांगतो की सर्वांत तीव्र क्षण महत्त्वाचा, पण तो नेमका कोणता हे काही सांगत नाही. दर मिनिटाला दुखण्याचा आकडा देणारा रुग्ण फक्त प्रयोगात सापडतो. एरवी तो क्षण शोधावा लागतो.

शोधण्याची रीत ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तयार झाली. पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट यांनी २००५-०६ च्या सुमारास ल्युटन अँड डन्स्टेबल रुग्णालयात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या विभागात रुग्ण आणि कर्मचारी यांना एकत्र बसवून सेवा नव्याने आखायला लावली. रुग्णांच्या आठवणींत वारंवार वर आलेल्या गोष्टींत एक होतं वजन करणं. हा आजार माणसाला खंगवतो, आणि वजनाचा काटा इतरांच्या नजरेसमोर होता. कर्मचाऱ्यांच्या लेखी ती निव्वळ एक नोंद, रुग्णाच्या लेखी ती सर्वांदेखत जाहीर झालेली घसरण. समाधानाच्या प्रश्नावलीत काट्याच्या जागेबद्दल कुणी विचारलं नसतं. काटा हलवायला खर्चही फारसा नाही.

यापुढचं पाऊल एडिंबराच्या नेपियर विद्यापीठाने आणि तिथल्या आरोग्यसेवेने मिळून चालवलेल्या प्रकल्पात पडलं. बेलिंडा ड्युअर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्यावर लिहिलं, आणि या पद्धतीचं नाव 'भावनिक टचपॉइंट'. कृती अगदी साधी आहे. रुग्णासमोर कार्डं मांडायची. काहींवर प्रसंग लिहिलेले : वॉर्डात दाखल होणं, जेवणाची वेळ, भेटायला येणारी माणसं. काहींवर भावना : धीर आला, ओशाळलो, दुर्लक्ष झालं, विश्वास वाटला. रुग्णाने आपल्याला बोलावंसं वाटतं तो प्रसंग उचलायचा, त्याला लागू पडणाऱ्या भावना निवडायच्या, आणि असं का वाटलं ते सांगायचं. नर्सने मधे सफाई द्यायची नाही. 'कसं वाटलं?' असं मोघम विचारलं की माणूस 'ठीक' म्हणतो. हातात 'ओशाळलो' असं कार्ड आलं की तक्रार केल्याचा ठपका न येता बोलता येतं. कृतज्ञ रुग्णाकडूनही खरी माहिती मिळते ती यामुळे.

अर्थात असं बोलणं पाच-पंचवीस लोकांशी होतं, लाखोंशी नाही. मोठ्या प्रमाणावर अनुभव मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेने केला. रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांच्या एचसीएएचपीएस या सर्वेक्षणाचे निकाल २००८ पासून जाहीर होऊ लागले, आणि त्यात समाधानापेक्षा घडलेल्या गोष्टींवर भर होता : नर्सने तुम्हाला समजेल अशा शब्दांत किती वेळा समजावलं? कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी. ऑलिव्हरच्या अपेक्षेचा सापळा यात बराच टळतो. २०१२ पासून रुग्णालयांना मिळणाऱ्या सरकारी पैशांचा काही भाग या गुणांशी जोडला आणि नवी अडचण उभी राहिली. 'तुमचं दुखणं किती वेळा नीट आटोक्यात ठेवलं?' हा त्यातला एक प्रश्न. अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाने तो देश तेव्हा पोळत होता. चांगले गुण मिळवण्यासाठी डॉक्टर अशा गोळ्या सढळ हाताने लिहून देतील, अशी भीती डॉक्टरांच्याच संघटनांनी बोलून दाखवली. तसं खरोखर घडतं हे निर्विवाद सिद्ध झालं नाही, तरी २०१८ मध्ये प्रश्न बदलून 'कर्मचारी तुमच्याशी दुखण्याबद्दल बोलले का' असा केला, आणि २०१९ मध्ये दुखण्याबद्दलचे प्रश्न काढूनच टाकले.

आपल्याकडे केंद्राने २०१६ साली 'मेरा अस्पताल' ही योजना आणली. रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णाला मोबाइलवर विचारणा होते. तिची सुरुवात समाधानाच्याच प्रश्नाने होते, आणि नाराज रुग्णाला पुढे कारण विचारलं जातं : कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च यांसारखं काही. बाकावरची ती म्हातारी बाई 'समाधानी' सांगते आणि कारणाच्या प्रश्नापर्यंत पोचतच नाही.