खंत मांडणे आणि खंत उगाळणे

न निवडलेल्या वाटेबद्दल लिहिताना दोन प्रकारचे लेखन इतके सारखे दिसते की लिहिणाऱ्यालाही फरक उशिरा कळतो. एकात खंत मांडलेली असते, दुसऱ्यात ती उगाळलेली असते. दोन्हींत तीच घटना असते, तोच हळवा सूर असतो आणि ‘असते तर’ हेही दोन्हींत येते. त्यामुळे किती भावना ओतली आहे यावरून निवाडा करता येत नाही. माझ्या मते तो करावा एका साध्या गोष्टीवरून: पुढचे वाक्य त्या दिवसाबद्दल काही नवे सांगते, की आधीच्याच वाक्याचा जोर वाढवते?

उदाहरणासाठी कोल्हापूरचा एक निवृत्त बँक कर्मचारी कल्पू. १९७८ साली त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश मिळाला होता. तो गेला नाही आणि बँकेत कारकून म्हणून लागला. आता आठवणी लिहायला बसल्यावर त्याच्या हातून पहिला मजकूर उतरतो तो असा:

‘त्या दिवशी मी वडिलांसमोर ठामपणे उभा राहिलो असतो, तर आज माझी चित्रे जहांगीर आर्ट गॅलरीत लागली असती. बँक ही माझी जागा नाही हे मला तेव्हाच आतून कळत होते. सगळा जन्म मी दुसऱ्याचेच आयुष्य जगलो.’

वाचताना गलबलून येते, आणि तिन्ही वाक्ये संशयास्पद आहेत. पहिल्या वाक्यात प्रवेशापासून जहांगीरपर्यंत एकच उडी आहे. मधली शिक्षणाची वर्षे, मुंबईतली राहण्याची सोय, पदविकेनंतर शाळेत चित्रकला शिकवणारे किंवा जाहिरात संस्थेत नोकरी धरणारे असंख्य विद्यार्थी, हे सगळे त्यातून गळाले आहे. शिवाय वडिलांनी विरोध केला, असे हे वाक्य गृहीत धरते. त्या माणसाला बसवून विचारले, ‘वडील नक्की काय म्हणाले?’, तर पुष्कळदा असे निघते की ते काहीच म्हणाले नव्हते, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाला मिळालेला नकार हा भूतकाळात मागाहून घातलेला सर्वांत सोयीचा प्रसंग आहे, कारण त्याने खंत तशीच राहते आणि जबाबदारी मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर जाते.

दुसऱ्या वाक्यातला ‘तेव्हाच’ अधिक फसवा आहे, कारण तो लिहिताना आपण खोटे बोलत नसतो. १९७२ मध्ये निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाण्यापूर्वी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले होते की अमुक घटना घडण्याची शक्यता किती वाटते. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना आपापले अंदाज आठवायला सांगितले, तेव्हा ज्या गोष्टी घडल्या असे त्यांना वाटत होते, त्यांना आपण मुळातच जास्त शक्यता दिली होती असे त्यांना आठवू लागले. निकाल कळला की जुना अंदाज त्याच्याकडे सरकतो आणि सरकल्याचे जाणवत नाही. बँकेतली सगळी वर्षे जगून झाल्यावर ‘मला तेव्हाच कळत होते’ असे वाटणे हा त्याच जातीचा अनुभव आहे. म्हणून या वाक्याला त्या काळातला पुरावा हवा. एखादे पत्र, वहीतली नोंद, बहिणीला आठवणारे बोलणे असे काही असेल तर वाक्य ठेवावे, नसेल तर ‘आज मला वाटते’ अशी सुरुवात करावी.

तिसरे वाक्य निव्वळ उगाळणे आहे. ते कोणत्याही माणसाने कोणत्याही नोकरीबद्दल लिहिले तरी चालेल, आणि हीच त्याची खूण.

आता तोच प्रसंग मांडला तर कसा दिसेल ते पाहू:

‘प्रवेशाचे पत्र आले तेव्हा ताईचे लग्न ठरले होते आणि अण्णा शाहूपुरीतल्या ज्या आडत दुकानात दिवाणजी होते, तिथून त्यांनी त्यासाठी उचल घेतली होती. मुंबईत राहायचे कुठे हे मला ठाऊक नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नाही. पत्र मी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या प्रमाणपत्राबरोबर ठेवून दिले. आठवड्याने बँकेचे पत्र आले. ते वाचून मला हायसे वाटले. मी चित्रकार झालो असतो की नाही हे सांगता येणार नाही. पण काही वर्षे दिवसभर फक्त चित्र काढायला मिळणार होते, ती वर्षे मला मिळाली नाहीत.’

इथे खंत कमी झालेली नाही. मला तर ती जास्त बोचते, विशेषतः ‘हायसे वाटले’ या दोन शब्दांमुळे. उगाळणाऱ्या मजकुरात ते शब्द कधीच आले नसते, कारण ज्याच्यावर अन्याय झाला अशा नायकाला हायसे वाटून चालत नाही. दुसरा फरक नुकसानीच्या मापाचा आहे. पहिल्या मजकुरात जहांगीरच्या भिंती हरवल्या होत्या, ज्या त्याच्या कधी नव्हत्याच. दुसऱ्यात जे हरवले ते खरोखर हातात येणार होते. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडव्हेक यांनी १९९५ मध्ये मांडले की दीर्घकाळात माणसांना केलेल्यापेक्षा न केलेल्या गोष्टींची खंत अधिक छळते, आणि त्याचे एक कारण असे की केलेल्या गोष्टीचे परिणाम जेवढे घडले तेवढेच असतात, न केलेल्या गोष्टीच्या परिणामांना कल्पनेखेरीज सीमा नसते. लिहिताना ती सीमा आपणच घालायची असते. त्या वाटेवर दारापाशी उभे राहून जेवढे दिसत होते तेवढेच लिहावे. पुढच्या वळणापलीकडचे नाही.

भूतकाळ नव्याने रचण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो समजूतदारपणाच्या वेषात येत असल्यामुळे त्याला कोणी हटकत नाही. ‘झाले ते बरेच झाले, नाहीतर ही बायको, ही मुले कुठून मिळाली असती?’ मराठी आत्मपर लेखनात शेवटचा परिच्छेद हमखास इथे येऊन थांबतो. पण १९७८ साली पत्र ठेवून देणाऱ्या मुलासमोर बायको आणि मुले नव्हती. आडत दुकानातली उचल होती. त्याच्या निर्णयाला आजच्या सुखाचे कारण चिकटवणे आणि आजच्या दुःखाचे कारण चिकटवणे, दोन्ही सारखेच खोटे. संसार सुखाचा झाला असेल तर तो स्वतंत्र प्रकरणात यावा. खंतीची वजावट म्हणून आला की दोन्हींची किंमत जाते, आणि बायकोने ते वाचले तर तिलाही आपण सांत्वनपर बक्षीस असल्यासारखे वाटायचे.

निवृत्तीनंतर हा माणूस जलरंगाच्या वर्गाला जाऊ लागला असेल, तर तेही जपूनच लिहावे. ते त्या वर्षांची भरपाई म्हणून आले तर परिच्छेद पुन्हा रचलेला वाटेल. वर्गात काय घडते, कागद ओला असताना दुसरा रंग लावायची त्याला घाई होते का, शेजारची कॉलेजातली मुलगी जे सहज करते ते पाहून त्याला काय वाटते, हे आले तर मजकूर त्याचा राहील.