ताफ्याचा आकार ठरवणे : अनिश्चित मागणी आणि परतावा सारणी

हंगामासाठी किती गाड्या घ्यायच्या हे मागणी कळण्याआधीच ठरवावे लागते, तेव्हा वापरायची एक गणिती पद्धत. सारणीत उभ्या बाजूला गाड्यांच्या संख्येचे पर्याय, आडव्या बाजूला मागणीच्या संभाव्य स्थिती आणि प्रत्येक चौकटीत त्या जोडीतून हाती येणारा नफा लिहितात. मग कोणत्या ओळीवर बोट ठेवायचे याचा नियम निवडायचा. मॅक्झिमिन, मिनिमॅक्स पश्चात्ताप आणि अपेक्षित मूल्य हे त्यांतले तीन प्रमुख नियम. एकाच सारणीतून ते तीन वेगळी उत्तरे देऊ शकतात. अनेकांना हा पद्धतीचा दोष वाटतो, पण तिचा खरा उपयोग त्यातच आहे, कारण वाहतूकदार नेमके कशाला जपतो आहे हे त्यातून उघड होते.

उदाहरण : देवगड ते वाशी आंबा वाहतूक

देवगडहून वाशीचा बाजार सुमारे साडेचारशे किलोमीटर. संध्याकाळी पेट्या भरून निघालेली गाडी सकाळच्या बाजाराला पोचते, रिकामी होऊन परत येते आणि पुन्हा भरणीला लागते. एका फेरीला दोन दिवस धरले, तर ८० दिवसांच्या हंगामात एका गाडीच्या ४० फेऱ्या होतात. डिझेल, टोल आणि हमाली वजा जाता एका फेरीमागे १२,५०० रुपये सुटतात असे धरू, म्हणजे पूर्ण हंगाम धावलेली गाडी ५ लाख मिळवते. तिचे हंगामी भाडे आणि चालकाचा पगार मिळून २ लाख रुपये मात्र ती धावली काय, उभी राहिली काय, द्यावेच लागतात. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत.

गाड्यांचा करार जानेवारीत होतो. त्या वेळी मोहोर दिसत असतो, फळ किती टिकेल ते दिसत नसते. अवेळी पाऊस, तुडतुडे आणि उन्हाचा चटका अजून पुढे असतो. मागणीच्या तीन स्थिती धरू : कमी हंगामात १६० फेऱ्यांचे, मध्यम हंगामात २४० आणि भरघोस हंगामात ४०० फेऱ्यांचे काम, म्हणजे अनुक्रमे ४, ६ आणि १० गाड्यांचे. गाड्या ४, ६, ८ किंवा १० घेता येतात. नफा लाख रुपयांत :

| गाड्या | कमी | मध्यम | भरघोस |
|---|---|---|---|
| ४ | १२ | १२ | १२ |
| ६ | ८ | १८ | १८ |
| ८ | ४ | १४ | २४ |
| १० | ० | १० | ३० |

एक चौकट सोडवून पाहू. ८ गाड्या घेतल्या आणि हंगाम मध्यम निघाला, तर काम सहाच गाड्यांना मिळते. मिळकत ३० लाख, आठ गाड्यांचा स्थिर खर्च १६ लाख, उरले १४ लाख. हंगामाला न पुरणारा ताफा असेल तर उरलेले काम दुसरा कोणी नेतो आणि आपले काही जात नाही, असे या सारणीत गृहीत आहे. या गृहीतकाकडे पुढे परत यावे लागेल.

मॅक्झिमिन

प्रत्येक ओळीतला सर्वांत वाईट आकडा काढायचा आणि ज्या ओळीचा तो सर्वांत मोठा, ती ओळ घ्यायची. येथे ते आकडे १२, ८, ४, ० असे आहेत, म्हणून उत्तर ४ गाड्या. ही विचारसरणी अब्राहम वॉल्ड या गणितज्ञाच्या संख्याशास्त्रीय निर्णयांवरील कामातून रुजली. भारतात व्याख्यान दौऱ्यावर असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीत झालेल्या विमान अपघातात त्याचा अंत झाला.

या नियमाला भरघोस हंगामाचा रकाना दिसतच नाही. तिथे १० गाड्यांचा नफा ३० ऐवजी ३०० लाख लिहिला तरी उत्तर चारच येते. बँकेचा हप्ता थकला तर धंदाच बसेल अशा अवस्थेतल्या वाहतूकदाराला हा नियम शोभतो. एका वाईट वर्षाने ज्याचे फारसे बिघडत नाही, त्याच्यासाठी तो महाग आहे.

मिनिमॅक्स पश्चात्ताप

लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या या नियमात नफ्याऐवजी हुकलेला नफा मोजतात. हंगाम कसा जाणार हे आधीच माहीत असते तर जास्तीत जास्त किती मिळाले असते, त्यातून प्रत्यक्षात मिळालेला नफा वजा करायचा. कमी, मध्यम आणि भरघोस हंगामांतले सर्वोत्तम आकडे १२, १८ आणि ३०. त्यावरून पश्चात्तापाची सारणी :

| गाड्या | कमी | मध्यम | भरघोस | सर्वांत मोठा |
|---|---|---|---|---|
| ४ | ० | ६ | १८ | १८ |
| ६ | ४ | ० | १२ | १२ |
| ८ | ८ | ४ | ६ | ८ |
| १० | १२ | ८ | ० | १२ |

शेवटच्या रकान्यातला सर्वांत लहान आकडा ८, म्हणून उत्तर ८ गाड्या. याचे कारण सोपे आहे. उभी राहिलेली गाडी २ लाख खाते, कमी पडलेली गाडी ३ लाखांचा नफा हुकवते. दोन टोकांच्या हंगामांतली हळहळ जिथे साधारण सारखी होते तिथे हा नियम थांबतो, आणि कमी पडणे जास्त महाग असल्याने तो बिंदू दहाच्या बाजूला सरकतो.

या नियमाचा एक दोष हर्मन चेर्नॉफ यांनी १९५४ मध्ये दाखवला आणि तो आपल्या उदाहरणात सहज पकडता येतो. समजा गाडीमालकाने सांगितले की आठपेक्षा जास्त गाड्या नाहीत. दहाची ओळ गळाली. आपण ती निवडलीच नव्हती, तेव्हा काही बदलू नये असे वाटते. पण भरघोस हंगामातला सर्वोत्तम आकडा आता ३० ऐवजी २४ झाला. नव्याने मोजले तर चार गाड्यांचा सर्वांत मोठा पश्चात्ताप १२, सहांचा ६ आणि आठांचा ८ येतो. उत्तर आठवरून सहावर आले! म्हणून हा नियम वापरताना यादीत फक्त खरोखर मिळू शकणारे पर्याय ठेवावेत. एखादा पर्याय उगाच घालून किंवा वगळून उत्तर हवे तिकडे वळवता येते.

अपेक्षित मूल्य

वरचे दोन नियम शक्यता विचारात घेत नाहीत. अपेक्षित मूल्यात प्रत्येक स्थितीला संभाव्यता देऊन नफ्याची भारित सरासरी काढतात. कमी हंगामाला ०.३, मध्यमला ०.४ आणि भरघोसला ०.३ दिले, तर सहा गाड्यांसाठी ०.३ × ८ + ०.४ × १८ + ०.३ × १८ = १५ लाख येतात. चार गाड्यांसाठी १२, आठसाठी १४, दहासाठी १३. उत्तर ६ गाड्या.

सगळी सारणी न मांडताही हे उत्तर तपासता येते. आणखी एक गाडी घ्यावी का? तिला काम मिळाले तर ५ लाख येणार, खर्च मात्र २ लाख नक्की. म्हणजे तिला काम मिळण्याची शक्यता २/५, अर्थात ०.४ पेक्षा जास्त असेल तरच ती घ्यावी. सहाव्या गाडीला मध्यम आणि भरघोस अशा दोन्ही हंगामांत काम आहे, शक्यता ०.७. सातव्या गाडीला फक्त भरघोस हंगामात, शक्यता ०.३. म्हणून सहावर थांबायचे. भरघोस हंगामाची शक्यता ०.४ च्या पुढे गेली की हा नियम आठवर न थांबता थेट दहावर उडी घेतो, कारण आठची ओळ सहा आणि दहा यांच्या बरोबर मध्यावर आहे. पश्चात्तापाच्या नियमाला जो मध्य आवडतो, तो अपेक्षित मूल्याला या सारणीत कधीच एकट्याने सर्वोत्तम वाटत नाही.

संभाव्यता आणायच्या कुठून, हा खरा अडसर. मागच्या दहा वर्षांच्या वह्या काढून मोजणे ही रीत आहे, पण हापूसला एक वर्षाआड कमी-जास्त फळ धरण्याची खोड असते. त्यामुळे मागचे वर्ष कसे गेले हे न पाहता काढलेली सरासरी फसवते. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळासारखी घटना सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा उरलेला आंबा पाडून जाते, आणि दहा वर्षांच्या वहीत तिचे वजन किती धरायचे हे वही सांगत नाही.

हंगाम आधीच नक्की कळला असता तर सरासरी नफा ०.३ × १२ + ०.४ × १८ + ०.३ × ३० = १९.८ लाख झाला असता. त्यातून १५ वजा करता ४.८ लाख उरतात. माहितीसाठी मोजावी अशी ही कमाल किंमत. फळ वाटाण्याएवढे धरेपर्यंत करार लांबवायचा असेल आणि त्यासाठी गाडीमालक भाडे वाढवून मागत असेल, तर सगळ्या ताफ्यावर मिळून वाढ ४.८ लाखांपेक्षा बरीच कमी असावी, कारण वाटाण्याएवढे फळही पुढे गळतेच.

गाडी कमी पडण्याचा खर्च

पहिल्या सारणीतले गृहीतक बागायतदाराशी ठरल्या दराचा करार असेल तर टिकत नाही. माल न्यावाच लागतो, आणि भर हंगामात बाहेरची गाडी चढ्या भाड्याने घ्यावी लागते. अशा प्रत्येक गाडीमागे हंगामभरात २ लाखांचा तोटा धरू. कमी, मध्यम आणि भरघोस हंगामांत चारची ओळ आता १२, ८, ० अशी होते, सहाची ८, १८, १०, आठची ४, १४, २०, दहाची मात्र तशीच राहते. आता मॅक्झिमिन सहा गाड्या सांगतो. पश्चात्तापाचा नियम आठवरच राहतो. अपेक्षित मूल्ये ६.८, १२.६, १२.८ आणि १३ येतात, म्हणजे दहा गाड्या, तेही निसटत्या फरकाने. लहान ताफा सुरक्षित हा समज किती पोकळ असू शकतो ते इथे दिसते : चार गाड्यांची ओळ आता भरघोस हंगामातच शून्यावर येते. सारणी मांडताना सर्वांत जास्त वेळा सुटणारा आकडा हाच.

भर हंगामाची अडचण

सारणीत हंगामाचे काम ८० दिवसांवर समान पसरले आहे असे मानले आहे. आंबा तसा येत नाही. भरघोस वर्षातल्या ४०० फेऱ्यांपैकी २०० फेऱ्या २० दिवसांत आल्या, तर त्या २० दिवसांत एक गाडी १० फेऱ्याच करू शकते आणि दहा गाड्यांचा ताफा १०० फेऱ्यांवर थांबतो. सारणी ज्याला पुरेसा म्हणते तो ताफा त्या आठवड्यांत निम्मा पडतो. हे ओळखायला भरणीची रोजची वही पुरते : सर्वांत गर्दीच्या २० दिवसांच्या पेट्या संपूर्ण हंगामाच्या पेट्यांच्या पाव भागापेक्षा बऱ्याच जास्त असतील, तर मागणीची स्थिती एकूण फेऱ्यांनी न लिहिता गर्दीचा आणि उरलेला काळ वेगळा करून लिहावी. पर्यायही त्याप्रमाणे बदलतात. सहा गाड्या पूर्ण हंगामासाठी आणि चार फक्त एप्रिल मध्यापासून, असा मिश्र करार सारणीत स्वतंत्र ओळ म्हणून येतो आणि त्याचा स्थिर खर्च वेगळा मोजावा लागतो.