शब्द बदलले, तरी नक्कल उरतेच

"उताऱ्यातले शब्द बदलले की संदर्भ द्यायची गरज नसते ना?"

गरज असते. शिवाय नुसते शब्द बदलणे ही नक्कलच. समजा मूळ वाक्य असे आहे: "१९०२ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या." कोल्हापूरचे बरेच विद्यार्थी त्याचे असे करतात: "१९०२ मध्ये शाहूरायांनी कोल्हापूर राज्यात निम्म्या नोकऱ्या मागासांकरिता आरक्षित केल्या." सांगाडा तोच राहिला, आणि "रिकाम्या होणाऱ्या" गळल्याने अर्थही बिघडला. आधीपासून नोकरीत असलेल्यांना तो आदेश लागू नव्हता.

उतारा वाचून पुस्तक मिटा, मग लिहा: "करवीर दरबारात नवी भरती करताना निम्म्या जागा मागासवर्गीयांना देण्याचे धोरण १९०२ पासूनचे." पुढे कंसात लेखक, वर्ष, पान. शेवटी मुळाशी ताडून पाहा. सन, आकडा, "मागासवर्गीय" ही संज्ञा तशीच राहिली तरी चालते.