उंची कुठून मोजायची? वेपॉइंट मिशनमधल्या एका आकड्याची पार्श्वभूमी

ड्रोन आणि संगणक ज्या ठरलेल्या संदेशांनी बोलतात ते मॅव्हलिंक २००९ मध्ये आलं, तेव्हा मिशन, म्हणजे ड्रोनने गाठायच्या बिंदूंची यादी, जमिनीवरच्या लॅपटॉपवरून रेडिओने वर जायचं. पुढे रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक ड्रोनवरच बसला आणि तेच संदेश केबलमधून पाठवू लागला. आधी `MISSION_COUNT`, मग ऑटोपायलट मागेल तसा एकेक बिंदू आणि शेवटी `MISSION_ACK`. अक्षांश-रेखांशही दशांशाऐवजी एक कोटीने गुणलेल्या पूर्णांकात जाऊ लागले. कारण साधं होतं: रत्नागिरीच्या रेखांशावर जुन्या पद्धतीतली एक पायरी जवळजवळ ८० सेंटिमीटरची पडते. दशांशाचा जुना `MISSION_ITEM` संदेश २०२० मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाला.

उंचीचा गुंता मात्र कायम राहिला. प्रत्येक बिंदूसोबत एक फ्रेम जाते आणि उंची कुठून मोजायची ते ती ठरवते: ० म्हणजे समुद्रसपाटीपासून, ३ म्हणजे होमपासून, म्हणजे उड्डाणाच्या जागेपासून, १० म्हणजे खालच्या जमिनीपासून.

```
m.mav.mission_item_int_send(
    m.target_system, m.target_component, 2,
    3, 16, 0, 1, 0, 0, 0, 0,
    169900000, 733000000, 60, 0)
```

इथे फ्रेम ३ आणि उंची ६०. सपाट शेतात हे चालून जातं, पण कोकणात पुळणीला लागूनच कडा उभा असतो. समजा, पुळणीवरून उडालो आणि सडा, म्हणजे कड्यावरचं पठार, ८० मीटर उंच आहे. या आकड्याने ड्रोन कड्यावर आदळेल. तेच मिशन सड्यावरून उडवलं, तर पुळणीवर तो १४० मीटर उंच जाईल आणि फोटोत काही दिसणार नाही.

त्यात आर्डुपायलट या ऑटोपायलट सॉफ्टवेअरमध्ये होम आर्म करताना, म्हणजे उड्डाणासाठी मोटरी सज्ज करताना, ठरतं. पुळणीवरून निघून सड्यावर उतरलं, बॅटरी बदलली आणि पुन्हा आर्म केलं, की मिशनचा एकही आकडा न बदलता सगळे बिंदू ८० मीटर वर सरकतात. `MISSION_ACK` यातलं काहीच सांगत नाही, कारण मिशन नियमाप्रमाणे बरोबरच असतं. म्हणून आर्म झाल्यावर संगणकाने `HOME_POSITION` वाचावा, त्यातली मिलिमीटरमधली उंची मिशन आखताना धरलेल्या उंचीशी ताडून पाहावी आणि दहा मीटरहून जास्त फरक असेल तर मिशन सुरूच करू नये. जीपीएसची उंची थोडी हलतेच, त्यामुळे एक-दोन मीटरवर अडून बसण्यात अर्थ नाही.

फ्रेम १० हा त्यावरचा उपाय मानला जातो. मला तो किनाऱ्यावर अपुरा वाटतो. त्यामागची उंचीची माहिती मुख्यतः २००० सालच्या अंतराळयानाच्या रडार मोजणीची आहे आणि आर्डुपायलट ती ठरीव मांडणीत १०० मीटरच्या जाळीत वापरतो. सरळ तुटलेला कडा त्या जाळीत उताराएवढा सौम्य होऊन बसतो. शिवाय ही माहिती एरवी लॅपटॉपकडून मिळते. लॅपटॉप सोबत नसेल, तर त्या भागाच्या फाइली आधीच ऑटोपायलटच्या कार्डावर असाव्या लागतात. कड्याच्या काठावरच्या बिंदूंना फ्रेम ३ देऊन सड्याची उंची आणि वर सुरूच्या झाडांसाठी मोकळी जागा हातानेच आकड्यात मिळवणं मला अधिक भरवशाचं वाटतं.