गुळाच्या खड्याचा हिशेब

आमच्या किनारपट्टीवरच्या छोट्या लॅबमध्ये श्रावण संपता संपता एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सून पंचविशीची, वजन पन्नास किलो, हिमोग्लोबिन ९. कागद हातात दिला तसा सासूचा चेहरा पडला. "रोज बीट देतंय मी तिका. पाच खजूर देतंय. सकाळी गुळाची कोरी चाय. तरी रगात कित्याक वाढणा नाय?"

प्रश्न रास्त होता. बाई काही कमी करत नव्हत्या. त्यांना मी जो हिशेब कागदाच्या मागे मांडून दाखवला, तोच इथे देतो.

पन्नास किलोच्या बाईच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त असतं. हिमोग्लोबिनचा आकडा म्हणजे १०० मिलिलिटर रक्तातले ग्रॅम. तो ९ वरून १२ वर न्यायचा म्हणजे दर लिटरमागे ३० ग्रॅम नवं हिमोग्लोबिन, एकूण सुमारे १०० ग्रॅम. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे जवळपास ३३० मिलिग्रॅम लोह रक्तात जायला हवं. पोटात नव्हे, रक्तात. शिवाय पाळीच्या वयातल्या बाईच्या शरीरातून रोज सरासरी दीडेक मिलिग्रॅम लोह जातच असतं. ती भरपाई नेहमीच्या जेवणातून होते असं धरून चालू.

आता गूळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम गुळात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह दिलं आहे. आकडा वाईट नाही, पण १०० ग्रॅम गूळ कोण खातं? चहातला खडा दहा ग्रॅमचा, त्यात अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. वनस्पतीतल्या लोहातलं फार थोडं आतड्यातून आत जातं. आपल्या भात-भाकरीच्या जेवणात ते पाच ते दहा टक्के धरतात. अंगात लोह कमी असेल तर आतडं जास्त ओढून घेतं, म्हणून सुनेसाठी मी दहा टक्के धरले. तरी खड्यामागे ०.०४५ मिलिग्रॅम. ३३० ला त्याने भागलं तर सात हजारांवर दिवस येतात. वीस वर्षं.

सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आणि बीट?"

बिटात १०० ग्रॅमला पाऊण मिलिग्रॅमच्या घरात लोह, म्हणजे गुळाच्याही मागे. बिटाचा लाल रंग बिटालेन नावाच्या द्रव्याचा असतो, त्याचा लोहाशी संबंध नाही. रंग रक्तासारखा दिसतो म्हणून बीट रक्त वाढवतं, एवढाच या समजुतीचा आधार. गंमत अशी, की बीट खाल्ल्यावर काहींची लघवी लाल होते आणि लोह कमी असलेल्या माणसांत हे जास्त दिसतं. ते पाहून "बीट रक्तात उतरलं" असं वाटणारे मला भेटले आहेत. खजुराचंही गुळासारखंच. पाच खजुरांत जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या खारकेत लोह जास्त भरतं, कारण तिच्यात पाणी कमी.

पण मला खरी अडचण दिसली ती त्या कोऱ्या चहात. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि आतड्याला सोडत नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. खात्री पटवायला मी एक साधी गोष्ट केली. सरकारी दवाखान्यात मिळणारी लाल लोहगोळी कुटली आणि बशीतल्या कोऱ्या चहात टाकली. चहा थोड्या वेळात काळाकुट्ट झाला. सासूबाईंनी लगेच ओळखलं, "ही तर शाई!" बरोबर. पूर्वी पोथ्या लिहायला हिरडा आणि हिराकस उकळून शाई करत. हिरड्यात टॅनिन, हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट, आणि गोळीतही तेच सल्फेट. गुळाच्या कोऱ्या चहात आधीच तुटपुंजं असलेलं लोह कपातच बांधलं जातं.

मग खायचं काय? बाजारातून काहीच आणायची गरज नव्हती. त्यांच्या फळीवर कुळथाच्या पिठाचा डबा होता. कुळथात १०० ग्रॅमला आठ-नऊ मिलिग्रॅम लोह आहे. माणशी तीस-पस्तीस ग्रॅम पिठाची पिठी धरली तर अडीच-तीन मिलिग्रॅम. कुळथातही लोह अडकवणारी द्रव्यं आहेत, त्यामुळे नुसत्या पिठीतून पाच टक्के आत गेलं तरी बरं. ही अडचण सोडवण्याची सोय कोकणी ताटातच आहे. पिठीबरोबर सुका बांगडा असला तर मासळीचा अंश वनस्पतीतल्या लोहाचंही शोषण वाढवतो. जेवताना पेरूची फोड किंवा कच्चा आवळा खाल्ला तर त्यातलं क जीवनसत्त्वही तेच काम करतं. दोन-तीनपट फरक पडू शकतो. आवळा शिजवू नये आणि लिंबूही ताटातच पिळावं, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. लोखंडी कढईत केलेल्या पिठीत थोडं लोह कढईचंही उतरतं, आंबट घातलं तर जास्तच. पिठी काळपट होते आणि चवीला किंचित लोखंडी लागते, म्हणून घरात कुरकुर होईल. घावन्यांच्या बिडाकडून मात्र फार अपेक्षा नको, पातळ घावन त्यावर क्षणभरच टेकतो.

अशा एका ताटातून पाव मिलिग्रॅमच्या आसपास लोह आत जाईल. म्हणजे पाच-सहा खडे गूळ, तेही साखरेशिवाय. पण ३३० मिलिग्रॅमला याही वाटेने साडेतीन वर्षं लागतात. एकदा भरलेलं रक्त जेवणातून टिकवता येतं. ९ वर आलेलं हिमोग्लोबिन नुसत्या जेवणातून चढायची वाट पाहणं मला पटत नाही.

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं दहा टक्के जरी गेलं, तरी दिवसाला सहा मिलिग्रॅम. ३३० मिलिग्रॅमला पंचावन्न दिवस पुरतात, पुढे साठा भरायला आणखी दोन-तीन महिने. किती गोळ्या, रोज की एक दिवसाआड, हे डॉक्टर ठरवतात. चहा आणि गोळीत निदान दीड-दोन तासांचं अंतर हवं. महिन्याभरात एखादा ग्रॅम चढला नाही तर वेगळा शोध घ्यावा लागतो. पाळीत रक्त जास्त जातं का, मूळव्याध आहे का, अनवाणी भातलावणी करताना अंकुशकृमी पायातून शिरले का. रक्ताच्या पेशी लहान असूनही शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, नीट असेल तर थॅलेसेमियाचा वाहक असल्याचीही शंका घेतात. अशा माणसाला लोह देऊन उपयोग नाही.

सुनेने गोळी सुरू केली. आठव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला, आवाज घाबरलेला. शौचाला काळं होतंय, काय करू? मी म्हटलं, गोळीतलं न शोषलेलं लोह बाहेर पडताना काळंच दिसतं. डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधी असलं तर मात्र लगेच दवाखान्यात न्या. तसं नव्हतं. महिन्याने कागदावर १०.२ आलं. चहा आता जेवण झाल्यावर दोन तासांनी होतो. त्यात गूळ अजून असतोच, आणि मी त्यावर काही बोललो नाही.